भागीदार वेगळे होतात तेव्हा: तडजोडीच्या करारातून देणी, ताबा आणि तारखा कशा काढायच्या

सांगलीत ऑफसेट छपाईचा व्यवसाय करणारे दोन भागीदार 2025 च्या जुलैमध्ये वेगळे झाले. त्यांची खरी नावं इथे देत नाही आणि आकडेही समजायला सोपे केले आहेत. एकाला अण्णा म्हणू, दुसऱ्याला बापू. अण्णा बाहेर पडले, बापूंनी धंदा आपल्याकडे घेतला. वकिलांनी केलेला करार अकरा पानांचा होता. 5 जुलैला दोघांनी सह्या केल्या, चहा घेतला, आणि आठवडाभरात दोघांचेही मला फोन सुरू झाले. अण्णा विचारत होते, "पहिला हप्ता नक्की कधी मिळायचा?" बापू विचारत होते, "ताबा दिला म्हणतात, मग डिझाइनच्या फायली कुठे आहेत?" मी त्यांचे हिशेब बारा वर्षं लिहिले आहेत. दोघंही खोटं बोलत नव्हते. करार तोच होता, पण प्रत्येकाने आपल्याला हवं ते कलम लक्षात ठेवलं होतं.

अशा वेळी कराराचा गोषवारा लागतो. गोषवारा म्हणजे करार थोडक्यात सांगणं नव्हे. कोणी, कोणाला, काय, कधीपर्यंत द्यायचं आणि दिल्याचा पुरावा कोणता, एवढंच त्यात यायला हवं. पार्श्वभूमी, "परस्पर सामंजस्याने" वगैरे मजकूर, भांडणाचा इतिहास, सगळं बाहेर.

आधी दोन तारखा आणि एक प्रश्न

करार हातात आला की मी पहिल्यांदा रक्कम बघत नाही. दोन तारखा शोधतो: सही कधी झाली आणि हिशेब कोणत्या तारखेपर्यंतचा धरला आहे. आमच्या करारात सही 5 जुलैची, पण भागीदारी संपल्याची तारीख 30 जून 2025. मधल्या पाच दिवसांत आलेले पैसे, घेतलेली ऑर्डर, भरलेलं वीजबिल हे सगळं बापूंचं. गोषवाऱ्याच्या डोक्यावर या दोन्ही तारखा लिहा, कारण खालच्या अर्ध्या मुदती एका तारखेपासून मोजायच्या असतात आणि अर्ध्या दुसरीपासून.

प्रश्न असा: भागीदार एकूण किती होते? आमच्या कराराच्या मथळ्यात "निवृत्ती" असा शब्द होता. तीन भागीदारांतला एक निवृत्त झाला तर संस्था चालू राहते. दोघांतला एक गेला तर भागीदारी उरतच नाही, कारण भागीदारीला किमान दोन माणसं लागतात. संस्था विसर्जित होते आणि धंदा एकट्या मालकाचा होतो. मथळ्यात शब्द काहीही असो, कामांची यादी यावरून पार बदलते. संस्थेचा पॅन पुढे चालत नाही, म्हणून जीएसटीची नोंदणीही चालत नाही आणि बँकेतलं खातंही. अकरा पानांत याबद्दल एक ओळ नव्हती.

पैशांची बाजू

आता करार पेन्सिल घेऊन वाचा. जिथे जिथे रक्कम आहे, किंवा रक्कम पुढे ठरेल असं म्हटलं आहे, तिथे समासात खूण करा. मग प्रत्येक खुणेला विचारा: ही रक्कम ठरलेली आहे, हिशेबानंतर ठरणारी आहे, की काही घडलं तरच द्यायची आहे? या तिघांची मिसळ झाली की भांडण ठरलेलंच.

ठरलेली रक्कम आमच्याकडे अशी होती. अण्णांच्या भांडवल खात्यात 9,20,000 रुपये शिल्लक, नावलौकिकाचे 4,00,000, त्यातून त्यांनी केलेली उचल 1,10,000 वजा. म्हणजे 12,10,000. यातले 3,10,000 सही होताना द्यायचे आणि उरलेल्या 9,00,000 चे सहा समान हप्ते, प्रत्येकी दीड लाखाचे. ही बेरीज-वजाबाकी स्वतः करून बघा. करारात अंकांत एक आणि अक्षरांत दुसरं असं मी एकदा नव्हे, बऱ्याचदा पाहिलं आहे.

हिशेबानंतर ठरणारी रक्कम म्हणजे एप्रिल ते जून या तीन महिन्यांच्या नफ्यातला अण्णांचा निम्मा वाटा. कलम म्हणत होतं: "हिशेब पूर्ण झाल्यावर 15 दिवसांत." हिशेब कधी पूर्ण करायचा, हे कुठेच नाही. अशा ठिकाणी गोषवाऱ्यात अंदाजाचा आकडा लिहू नका. "रक्कम: ठरायची आहे. मुदत: सुरुवातीची तारीख करारात नाही" असं सरळ लिहा. रिकामी जागा दिसली तरच ती भरायची कुणाला आठवण होते.

तिसरा प्रकार होता जुन्या उधारीचा. परिशिष्टात गिऱ्हाइकांची यादी, एकूण येणं 6,40,000, आणि कलम असं की वसूल होईल तशी निम्मी अण्णांना द्यायची. अण्णांनी वहीत लिहून ठेवलं होतं: "उधारीचे 3,20,000 येणे." ते चूक होतं. वसूल झालं तर निम्मं, नाही झालं तर काही नाही.

इथे आणखी एक खड्डा आहे आणि तो हिशेब लिहिणाऱ्यालाच दिसतो. भांडवल खात्यातली शिल्लक काढताना ही उधारी येणं म्हणून ताळेबंदात धरली होती का? धरली असेल तर तिचा निम्मा भाग अण्णांच्या 9,20,000 मध्ये आधीच आला आहे. मग वसुलीतून पुन्हा निम्मा दिला तर बापू तेच पैसे दोनदा देतील. मी ताळेबंद काढून बघितला. ही खाती मार्च 2025 अखेर बुडीत म्हणून काढून टाकलेली होती, म्हणून करार बरोबर होता. पण गोषवारा लिहिणाऱ्याने ही तपासणी न करता ओळ पुढे ढकलू नये. ज्या रकमेचा उगम कळत नाही तिच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

पैसे कशाने द्यायचे तेही लिहा. बापूंनी सहा पुढच्या तारखांचे चेक द्यायची तयारी दाखवली, आणि चेकबुक काढलं ते संस्थेच्या खात्याचं. ते खातं तर बंद होणार होतं. तिसरा-चौथा चेक "खातं बंद" म्हणून परत आला असता. शेवटी बापूंच्या बचत खात्याचे चेक दिले आणि गोषवाऱ्यात सहाही चेकचे क्रमांक लिहिले. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, हे अण्णांना सांगून ठेवलं. रोखीचा विचार दोघांच्याही मनात आला होता. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्याने तेवढाच दंड होऊ शकतो, आणि दीड-दीड लाखाचे तुकडे पाडले तरी व्यवहार एकच राहतो. सगळं बँकेतूनच.

ताब्याची बाजू

"व्यवसायाचा संपूर्ण ताबा बापूंकडे देण्यात येईल" या वाक्याने काहीच कळत नाही. ताबा म्हणजे वस्तू, कागद, प्रवेश आणि नावं. मी छापखान्यात जाऊन दारापासून सुरुवात केली. दोन रंगांचं ऑफसेट मशीन, त्याची खरेदीची बिलं आणि दुरुस्तीची वही. कटिंग मशीन. कागदाचा साठा, रीम मोजून. किल्ल्यांचे दोन जोड, त्यातला एक अण्णांच्या घरी. रबरी शिक्के आणि उरलेली चेकबुकं. हे सगळं दिसतं, म्हणून कोणी विसरत नाही.

विसरतात ते न दिसणारं. टेबलावरचा मोबाइल ज्यावर गिऱ्हाइकं बारा वर्षं मजकूर पाठवत होती, त्याचं सिम अण्णांच्या नावावर होतं. डिझाइनच्या फायली अण्णांच्या हार्ड डिस्कवर, काही त्यांच्या स्वतःच्या ईमेलमध्ये. जागेचा भाडेकरार अण्णांच्या एकट्याच्या नावाने. आणि जीएसटीच्या नोंदणीत मोबाइल नंबर अण्णांचा, म्हणजे कोणताही अर्ज भरला की ओटीपी त्यांच्याकडे जाणार. युजरनेम-पासवर्ड लिहून दिलं म्हणजे ताबा दिला असं अण्णांना वाटत होतं. ओटीपी सांगायला माणूस फोन उचलत नसेल तर तो पासवर्ड कोरा कागद आहे. म्हणून गोषवाऱ्यात ओळ अशी लिहिली: "जुनी जीएसटी नोंदणी रद्द होऊन शेवटचं विवरण भरेपर्यंत अण्णांनी ओटीपी द्यायचा." हे करारातल्या "आवश्यक ते सहकार्य करतील" या शब्दांतून निघतं, म्हणून पुढे त्या कलमाचा क्रमांक टाकला.

प्रत्येक वस्तूपुढे पुरावा लिहा. मशीनसाठी जागेवर केलेली यादी आणि दोघांच्या सह्या. सिमसाठी कंपनीकडून नाव बदलल्याचा संदेश. भाडेकरारासाठी घरमालकाचा बापूंच्या नावाचा नवा करार. "दिलं" या शब्दावर ओळ बंद करायची नाही.

ताबा फक्त जाणाराच देतो असंही नाही. बापूंकडून अण्णांना मिळायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट पैसा नव्हती. संस्थेच्या आठ लाखांच्या कॅश क्रेडिट कर्जाला अण्णा जामीन होते आणि त्यांच्या घराची मूळ कागदपत्रं बँकेत तारण होती. करार म्हणत होता की बापू अण्णांना या जबाबदारीतून "शक्य तितक्या लवकर" मुक्त करतील. दोघांच्या आपसातल्या कराराने बँक बांधली जात नाही. बँकेने स्वतः लेखी सोडल्याशिवाय अण्णा जामीनच राहतात, आणि बापूंनी बँकेचे पैसे थकवले तर नोटीस अण्णांच्या घरी येते. माझ्या मते अशा करारातलं हे सर्वांत धोक्याचं वाक्य, आणि ते बहुतेक वेळा शेवटच्या पानावर असतं. गोषवाऱ्यात त्याला पहिल्या पाच ओळींत जागा द्या आणि पुरावा म्हणून दोन गोष्टी मागा: बँकेचं जामीन सोडल्याचं पत्र आणि मूळ कागद परत मिळाल्याची पावती.

तारखांची बाजू

प्रत्येक मुदत दिनदर्शिकेतल्या तारखेत बदला. हप्त्यांचं कलम होतं: "यंत्रसामग्रीचा ताबा दिल्यानंतरच्या महिन्यापासून दर महिन्याच्या 10 तारखेस." यंत्रांचा ताबा 31 जुलैपर्यंत द्यायचा होता. म्हणजे ताबा 31 जुलैला झाला तर पहिला हप्ता 10 ऑगस्टला, शेवटचा 10 जानेवारी 2026 ला. ताबा एक दिवस उशिरा, 1 ऑगस्टला झाला तर सगळी साखळी महिनाभर पुढे. अण्णांना हे माहीत नव्हतं, म्हणून ते हार्ड डिस्क आणि यादी निवांत करणार होते. गोषवारा वाचल्यावर 24 जुलैलाच यादी करायला बसले.

तारखा काढल्या की वार बघा. 10 ऑगस्ट 2025 हा रविवार, आणि 10 जानेवारी 2026 हा दुसरा शनिवार. बँक दोन्ही दिवशी बंद. करारात सुट्टीबद्दल काहीच नव्हतं, आणि उशिरा हप्त्यावर वर्षाला 12 टक्के व्याज होतं, सात दिवसांच्या सवलतीसह. आता सात दिवस उलटले तर व्याज दहा तारखेपासून की सतरा तारखेपासून? दीड लाखाचा हप्ता वीस दिवस थकला तर पहिल्या अर्थाने सुमारे 986 रुपये, दुसऱ्या अर्थाने 641. रक्कम क्षुल्लक आहे, पण सहा महिने एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या माणसांना भांडायला एवढंही पुरतं.

करारात नसलेल्या पण कायद्याने येणाऱ्या तारखा वेगळ्या रंगात लिहा, म्हणजे त्या दोघांच्या मर्जीने बदलता येत नाहीत हे कळेल. आमच्याकडे त्या अशा निघाल्या. संस्था नोंदणीकृत असल्यामुळे विसर्जनाची जाहीर सूचना तीन ठिकाणी द्यायची: भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे, शासकीय राजपत्रात, आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका मराठी वर्तमानपत्रात. ही सूचना दिल्याशिवाय, बापूंनी संस्थेच्या नावाने केलेल्या नव्या उधारीतही अण्णा ओढले जाऊ शकतात. महाराष्ट्रात निबंधकाकडे कळवायला 90 दिवस मिळतात. 30 जूनपासून मोजले तर 28 सप्टेंबर, तोही रविवार. म्हणून गोषवाऱ्यात शुक्रवार 26 सप्टेंबर लिहिलं.

जीएसटीत क्रम चुकला की पैसे अडकतात. आधी बापूंची स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी. मग जुन्या खात्यात शिल्लक असलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, `ITC-02` हा अर्ज भरून नव्या नोंदणीकडे पाठवायचं. त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं आणि बापूंनी पोर्टलवर ते स्वीकारावंही लागतं. त्यानंतर `REG-16` ने जुनी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज, ज्याची मुदत घटना घडल्यापासून 30 दिवस, आणि शेवटी `GSTR-10` हे अंतिम विवरण, रद्द झाल्याची तारीख किंवा आदेशाची तारीख यांतली जी नंतरची असेल तिच्यापासून तीन महिन्यांत. उत्साहाने आधी नोंदणी रद्द केली तर क्रेडिट तिथेच राहतं. गोषवाऱ्यात या चार ओळींना "आधीचं काम झाल्याशिवाय पुढचं नाही" अशी खूण केली.

एक जर-तरची ओळ अण्णांसाठी: चेक न वटता परत आला तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणीची नोटीस, ती मिळाल्यावर बापूंना 15 दिवस, तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. यातली एक मुदत हुकली की बाजू कमकुवत होते, म्हणून नोटिशीचं काम त्याच दिवशी वकिलांकडे द्यायचं.

कागदावर कसं मांडायचं

मी सगळं एकाच तक्त्यात, तारखेच्या क्रमाने मांडतो. पैसे वेगळ्या पानावर आणि ताबा वेगळ्या पानावर ठेवला की त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध दिसत नाही. नमुन्याला काही ओळी:

| कधी | कोणी | काय | पुरावा | कलम |
|---|---|---|---|---|
| 5 जुलै 2025 | बापू | 3,10,000 रुपये | बँकेतली नोंद | 4 |
| 31 जुलै | अण्णा | मशीन, साठा, फायली, किल्ल्या | सह्यांची यादी | 7 |
| 10 ऑगस्ट (रवि.) | बापू | पहिला हप्ता 1,50,000, वरची ओळ झाली असेल तर | चेक वटल्याची नोंद | 4 |
| तारीख नाही ❓ | बापू | एप्रिल–जून नफ्याचा निम्मा वाटा | सीएचा हिशेब, बँकेतली नोंद | 5 |
| तारीख नाही ❓ | बापू | अण्णांची जामीनमुक्ती, घराचे कागद | बँकेचं पत्र, पावती | 9 |

कलमाचा रकाना कधीही सोडू नका. ज्या ओळीपुढे कराराचं किंवा कायद्याचं कलम लिहिता येत नाही ती ओळ तुमच्या समजुतीतली आहे. वर एक वाक्य टाका: हा गोषवारा सोयीसाठी आहे, फरक आढळल्यास मूळ करार ग्राह्य. आणि तोच कागद, एकाच दिवशी, दोघांनाही पाठवा. मी आधी अण्णांना दाखवला असता तर बापूंनी माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवला नसता, आणि ते योग्यच झालं असतं.

प्रश्नचिन्हाच्या ओळी आपण सोडवायच्या नाहीत. "लवकर म्हणजे तीन महिने धरू" असं मनाने लिहिलं की गोषवारा हा तिसऱ्या माणसाने केलेला नवा करार होतो. मी दोघांना एकत्र बसवलं, पाच प्रश्न पुढे ठेवले, आणि उत्तरं वकिलांनी दोन पानांच्या पुरवणी करारात घातली. हिशेब 31 ऑगस्टपर्यंत, म्हणून नफ्याचा वाटा 15 सप्टेंबरपर्यंत. सुट्टी आली तर बँकेचा पुढचा कामाचा दिवस. व्याज सतरा तारखेपासून. जामीनमुक्ती 31 ऑक्टोबरपर्यंत, नाहीतर बापूंनी कॅश क्रेडिट स्वतः फेडून खातं बंद करायचं. जुन्या उधारीचा हिशेब दर तिमाहीला द्यायचा आणि 31 मार्च 2027 नंतर ते कलम संपलं असं मानायचं.

यानंतर मी तक्ता दुरुस्त केला, पुढे "झालं" असा एक रकाना वाढवला आणि महिन्यातून एकदा दोघांकडून पुरावे घेऊन तो भरत गेलो. बँकेने नव्या तारणाची छाननी करायला वेळ घेतला, त्यामुळे जामीनमुक्तीचं पत्र 31 ऑक्टोबरच्या चार दिवस आधी आलं. अण्णा घराचे कागद घेऊन थेट माझ्या टेबलाशी आले आणि पावतीची झेरॉक्स माझ्या फाइलला लावायला लावली. शेवटचा चेक सोमवारी, 12 जानेवारीला वटला. त्या दिवशी अण्णांनी 12,10,000 रुपये पूर्ण मिळाल्याची पावती सही करून दिली. त्यात उधारीचं कलम वगळलं आहे असं मुद्दाम लिहिलं, कारण तक्त्यातली ती एक ओळ अजून उघडी आहे.